लग्नाचा वाढदिवस विसरलो. बायकोची तमिळमध्ये माफी मागायची आहे

डोंबिवलीचा_जावई

नमस्कार मंडळी. बायको तमिळ, माहेर कोइंबतूरचं. घरात आमची हिंदी, मराठी आणि इंग्रजीची भेळ चालते. माझं तमिळ सासुरवाडीच्या पंगतीत "पोदुम, पोदुम" म्हणण्यापुरतं.

१४ जूनला लग्नाला आठ वर्षं झाली. त्या दिवशी तिने शेवयांचं पायसम केलं होतं. मी दोन वाट्या खाल्ल्या, "आज काय विशेष?" एवढंही विचारलं नाही आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला तेव्हा उजेड पडला. काय झालं विचारलं तर उत्तर "ओण्णुम इल्ल". मराठीत सॉरी म्हटलं, हिंदीत म्हटलं. दोन्ही वेळा "ठीक आहे" मिळालं, आणि त्या "ठीक आहे"चा अर्थ कळण्याइतकी वर्षं संसार झालेला आहे.

आता तिच्या भाषेत मागायची आहे. थोडं हसू यावं, पण हसण्यावारी नेलं असं वाटू नये. फोनवरचं भाषांतर आणि माझं तोडकंमोडकं मिळून हे जमवलंय:

"एंग तिरुमण नाळ मरन्दु पोच्चु. मन्निक्कवुम. आना वेलै रोम्ब जास्ति."

म्हणजे, आपला लग्नदिवस विसरला गेला, क्षमा असावी, पण काम फार होतं. तपासून द्याल का?

आनंदी_आनंद

अभिनंदन! तमिळमध्ये "इनिय तिरुमण नाळ वाळ्त्तुक्कळ" असं म्हणतात. केकवरही हेच लिहून घ्या.

खिडकीजवळची_सीट

आनंदराव, त्यांना शुभेच्छा द्यायच्या नाहीत हो, माफी मागायची आहे. तो केक आत्ता घरी नेला तर तोंडावर बसेल.

जावईबापू, तुम्हाला एक पळवाट सुचवतो. तमिळ लोक वाढदिवस नक्षत्रावर पाळतात. लग्नाच्या तमिळ महिन्यातलं ते नक्षत्र अजून यायचं असेल तर तुम्ही उशीर केलेलाच नाही! पंचांग बघा.

मैलापूर_मुलुंड

सीटकाका, अर्धं बरोबर. जन्माचा वाढदिवस नक्षत्रावर करणारी घरं भरपूर आहेत, माझ्या आजोळी आजही करतात. पण लग्नाचा वाढदिवस बहुतेक ठिकाणी इंग्रजी तारखेलाच असतो. शिवाय यांच्याकडे तर १४ तारखेला पायसम झालेलं आहे, म्हणजे त्या घराची तारीख ठरलेली आहे. तमिळ घरात मधल्याच वारी पायसम शिजलं तर त्याला कारण असतं. पंचांग घेऊन बायकोसमोर उभं राहणं म्हणजे विसरलो ते विसरलो, वर वकीलही केला.

आता तुमचं वाक्य. शब्द-शब्द घेते, कारण त्यात चुका चार आहेत आणि त्यातल्या दोन भाषेच्या नाहीत.

पहिलाच शब्द "एंग". मराठी माणसाने ही चूक करूच नये, कारण आपल्याकडे "आमचा" आणि "आपला" वेगळे आहेत, आणि तमिळमध्येही तंतोतंत तसेच आहेत. "एंग" म्हणजे आमचा, ऐकणारा त्यात नाही. "नम्म" म्हणजे आपला, तुझामाझा. "एंग कल्याण नाळ" असं बायकोला म्हणालात तर अर्थ होतो "आमच्या लग्नाचा दिवस". कोणाशी झालेलं लग्न, हा पुढचा प्रश्न तिने विचारला तर मी जबाबदार नाही. फोनला इंग्रजीतून भाषांतर करायला सांगितलं असणार. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, मग त्याने हाताला लागेल तो दिला.

"तिरुमण नाळ" चूक नाही, पण ते पत्रिकेवरचं. बोलताना "कल्याण नाळ". लग्नाचा वाढदिवससुद्धा याच शब्दाने चालतो, वेगळं काही जोडावं लागत नाही.

आणि मुख्य घोटाळा "मरन्दु पोच्चु". मराठीत "मला विसरायलाच झालं" म्हणतो ना, तसं आहे ते. किल्ली, छत्री, दुधाचं बिल, यांना चालतं. यात विसरणारा कोणी नाही, विसरणं आपोआप घडलं. तमिळमध्ये क्रियापदाच्या शेपटीलाच कळतं की केलं कोणी. "पोच्चु"ची शेपटी वस्तूची किंवा जनावराची आहे, माणसाची नाही. तुम्हाला हवंय "मरन्दुट्टेन". शेवटचा "एन" म्हणजे मी. सगळी जबाबदारी त्या एका अक्षरात बसलेली आहे.

म्हणजे पहिलं वाक्य: "नम्म कल्याण नाळ नान मरन्दुट्टेन." "नान" म्हणजे मी. एरवी बोलताना गाळला तरी चालतो, इथे ठेवा.

तिखट_पोडी

ताईंनी दोन चुका सोडवल्या, उरलेल्या दोन मी घेतो.

"मन्निक्कवुम" हे पाटीवरचं तमिळ आहे. बंद काउंटरवर लावतात, पत्राच्या शेवटी लिहितात. बायकोला "मन्निक्कवुम" म्हणजे मराठीत नवऱ्याने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून "तसदीबद्दल क्षमस्व" म्हणावं तसं. चेन्नईत बोलताना "मन्निच्चुडु" किंवा "मन्निच्चुक्को". खरं सांगायचं तर बहुतेक तमिळ नवरे नुसतं "सॉरि मा" म्हणतात. त्यामुळे तुम्ही "मन्निच्चुडु" म्हणालात तर त्याला आपोआप वजन येईल. वजन पेलवत नसेल, म्हणजे आवाज नाटकी होत असेल, तर "सॉरि मा" बरं.

चौथी चूक "आना". म्हणजे "पण". माफीत "आना" आला की त्याच्या आधीचं सगळं पुसलं जातं. त्यात "वेलै जास्ति" मराठी माणसाच्या तोंडात फार पटकन बसतं, कारण "जास्ती" आपलाच शब्द वाटतो. म्हणून तर पूर्ण वाक्यात तेवढंच तुमच्या तोंडून अस्खलित येईल आणि तिला तेवढंच स्पष्ट ऐकू जाईल. काढून टाका.

शब्दकोडे

मग काम होतं हे सांगायचंच नाही का? ते खरं असेल तर? "वेलै मेल पळि पोड माट्टेन", म्हणजे "कामावर खापर फोडणार नाही", असं म्हटलं तर प्रामाणिकपणाही झाला आणि नम्रपणाही.

तिखट_पोडी

व्याकरण उत्तम. पण फोडणार नाही म्हणता म्हणता फोडून झालं की. ज्या गोष्टीचा दोष द्यायचा नाही तिचं नाव कशाला घ्यायचं?

शब्दकोडे

मला पटलेलं नाही. कारण न सांगता नुसतं "विसरलो" म्हटलं तर "म्हणजे मी तुझ्या डोक्यातच नव्हते" असा अर्थ निघतो. कारण हा काही वेळा दिलासाही असतो.

मैलापूर_मुलुंड

तिने विचारलं तर सांगा. "येन?" असं ती विचारेलच. उत्तर म्हणून आलेलं कारण आणि माफीत कोंबलेलं कारण यांत फरक आहे.

सोलापुरी_चादर

आमची मंडळी कन्नड. आमच्याकडेही "मरतेहोयतु" आणि "मरतबिट्टे" असा हाच प्रकार आहे. मी सात वर्षं पहिलंच वापरत आलो. आता कळलं का ती दर वेळी "हो का, आपोआप का" म्हणते ते. कन्नडसाठी पण कोणी असं वाक्य करून द्याल का?

खिडकीजवळची_सीट

चादरराव, वेगळा धागा काढा, नाहीतर हे इथे कर्नाटकात जाईल आणि जावईबापू उपाशी राहतील.

डोंबिवलीचा_जावई

बाप रे. चार शब्दांत चार चुका. बरं झालं आधी विचारलं.

हे घ्या दुरुस्त केलेलं: "नम्म कल्याण नाळ नान मरन्दुट्टेन. मन्निच्चुडु." हे फार कोरडं वाटतंय. आणि गंमत कुठे घालू? एका सहकाऱ्याने "कल्याणमा? एप्पो आच्चु?" म्हणजे "लग्न? कधी झालं?" असं म्हणून सुरुवात कर असं सुचवलंय.

मैलापूर_मुलुंड

त्या सहकाऱ्याचं लग्न झालंय का?

हा विनोद तिच्यावर आहे. तिने वाट पाहिली आणि तुम्ही तीच गोष्ट पुन्हा करून दाखवताय, फक्त या वेळी हसत. जो विसरला त्याच्यावर विनोद हवा. आणि सामान तुमच्याकडे आहे, पायसम! दोन वाट्या खाऊनही डोक्यात प्रकाश पडला नाही यापेक्षा चांगला विनोद बाहेरून आणायची गरजच नाही. असं म्हणा:

"नी पायसम सेन्ज. नान रेण्डु किण्णम साप्पिट्टेन. साप्पिट्टुम पुरियल."

तू पायसम केलंस. मी दोन वाट्या खाल्ल्या. खाऊनही कळलं नाही. "किण्णम" म्हणजे वाटी, "पुरियल" म्हणजे समजलं नाही. यात तिने काय केलं ते आधी येतं, तुम्ही काय केलं ते नंतर. म्हणजे तिच्या श्रमाची दखल घेतली गेली. कोरडेपणा तुम्ही म्हणताय तो इथे जातो; "मन्निच्चुडु" दहा वेळा म्हणून जाणार नाही. तिला हसू आलं तर तुमच्यावर येईल, नाही आलं तरी वाक्य माफीचंच राहील.

याच्यानंतर "एन तप्पुदान". चूक माझीच. शेवटचा "दान" म्हणजे आपला "च".

शब्दकोडे

क्रमाबद्दल विचारतो. आधी हसवून मग माफी मागितली तर वातावरण हलकं नाही का होणार?

तिखट_पोडी

मी आधी माफी, मग गंमत या मताचा. विनोद आधी आला आणि ती हसली नाही, तर पुढची माफी घाबरून मागितल्यासारखी वाटते. हसली, तर माफी मागायची राहूनच जाते, कारण आपल्याला वाटतं झालं काम.

मैलापूर_मुलुंड

मी उलट बाजूची आहे. काही बायकांना गंभीर चेहऱ्याने आलेला नवरा बघूनच धडकी भरते, आता काय सांगतोय म्हणून. पायसमचं वाक्य पहिलं घेतलं तरी चालेल, कारण कबुली त्याच्यातच आहे. हे बायकोवर अवलंबून आहे, व्याकरणावर नाही.

तिखट_पोडी

बरं, अजून एक गंमत देतो. तुमच्या मंडळींचं लहानपण दूरदर्शनच्या काळातलं असेल तरच चालेल. आपल्याकडे प्रक्षेपण बंद पडलं की "रुकावट के लिए खेद है" यायचं, तसं तमिळ दूरदर्शनवर यायचं "तडंगलुक्कु वरुन्दुगिरोम". व्यत्ययाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. त्या पिढीतल्या कुठल्याही तमिळ माणसाला ही पाटी तोंडपाठ असते.

पण नुसती पाटी म्हटली तर ती टाळाटाळ आहे. "वरुन्दुगिरोम"मधला "ओम" म्हणजे "आम्ही", आणि सरकारी "आम्ही"त कोणीच नसतं. म्हणून एवढं करा: पाटीच्या आवाजात "तडंगलुक्कु वरुन्दुगिरोम" म्हणा, क्षणभर थांबा, आणि स्वतःलाच दुरुस्त करा, "इल्लै. वरुन्दुगिरेन." नाही, आम्ही नाही, मी. "ओम"चा "एन" झाला की विनोदही झाला आणि जबाबदारीही घेतली. थांबणं महत्त्वाचं. न थांबता म्हटलंत तर वाटेल की तुम्हाला क्रियापद येत नव्हतं.

मैलापूर_मुलुंड

पोडीसाहेब, हे छान आहे! माझ्या भावाला पाठवते, त्याचीही कुंडली अशीच आहे.

पण जावईबापू, पायसम आणि पाटी दोन्ही एका दमात नको. एकच घ्या. दोन विनोद झाले की कार्यक्रम होतो.

खिडकीजवळची_सीट

कान पकडून उठाबशा काढल्या तर? दक्षिणेतही चालतं म्हणतात.

मैलापूर_मुलुंड

चालतं, पण तुमच्या पद्धतीने नाही. आमच्याकडे "तोप्पुक्करणम". पिळ्ळैयारसमोर, म्हणजे गणपतीसमोर घालतात आणि शाळेत शिक्षा म्हणूनही. हात छातीवर फुलीसारखे येतात. डाव्या हाताने उजवी कानाची पाळी, उजव्या हाताने डावी. मग खाली बसून उठायचं. उजव्या हाताने उजवा कान धरलात तर ती आधी हात सुधारेल. वाईट नाही म्हणा, निदान बोलेल तरी.

"तोप्पुक्करणम पोडरेन" असं म्हणायचं, आणि म्हटलं की घालायच्या. आकडा आपणच सांगायचा, आठ वर्षांच्या आठ. गुडघे दुखत असतील तर म्हणूच नका, कारण तीन झाल्यावर "बस ना आता" म्हटलं की शिक्षाही अर्धी विसरली. सासरच्यांसमोर मात्र घालू नका. तिथे तिलाच सगळ्यांदेखत "पुरे, पुरे" म्हणावं लागतं, म्हणजे तुम्ही माफी मागितली नाही, वसूल केली.

डोंबिवलीचा_जावई

गुडघे ठीक आहेत. दोन शंका. एक, "सॉरि डी" म्हणू का? तिचा भाऊ त्याच्या बायकोला "डी" म्हणताना ऐकलंय. दोन, रिकाम्या हाताने जायचं का? कोणीतरी तिरुनेलवेलीचा हलवा सुचवला.

मैलापूर_मुलुंड

"डी" आठ वर्षांत कधी म्हटला नसाल तर आज सुरुवात नको. लाडात गोड असतो, रागात चाबूक, आणि फरक फक्त सुरात. तुम्हाला तो सूर आज सापडेल याची खात्री नाही. "मा" लावा. "सॉरि मा", "मन्निच्चुडु मा". यात अपाय नाही.

तिखट_पोडी

इथे एक भर. ताई मैलापूरच्या वळणाचं सांगतायत, पण कोइंबतूरचं तमिळ फार आदबशीर असतं. कोंगु भागात बोलताना वाक्यावाक्याला "ङ्ग" लागतो, लहानांनासुद्धा. त्या घरात नवराबायको एकमेकांना काय म्हणतात ते आधी बघा. ती तुम्हाला तमिळमध्ये बोलताना "नींग", म्हणजे तुम्ही, म्हणते का "नी", म्हणजे तू? तिच्या वडिलांनी आईला "वांग" म्हटलेलं ऐकलंय का "वा"? तिकडे "मन्निच्चुडुंग" अगदी साधंही वाटू शकेल.

मैलापूर_मुलुंड

खरं आहे, कोंगुचं मला तितकं माहीत नाही. पण रागावलेल्या बायकोला एकदम "नींग" म्हटलं तर लांबून बोलल्यासारखं नाही का होणार?

तिखट_पोडी

होऊ शकतं. कोइंबतूरच्या घरातलं कोणी वाचत असेल तर सांगा. तोपर्यंत मेहुणीला विचारणं सुरक्षित.

हलव्याचं मात्र नीट ऐका. तमिळमध्ये "अल्वा कुडुक्करदु", म्हणजे हलवा देणं, याचा अर्थ टोपी घालणं. फसवून पसार होणं. तुम्ही वाढदिवस विसरून तिसऱ्या दिवशी हलवा घेऊन उभे राहिलात तर न बोलता केवढं बोलून जाल बघा. पण त्याच वेळी, संध्याकाळी मोगरा आणि हलवा घेऊन घरी येणारा नवरा हेही तिकडचं ठरलेलं चित्र आहे. म्हणजे वस्तू बरोबर आहे, धोका फक्त गप्प राहण्यात. हलवा देताना आपणच बोलून टाका: "इदु निजमान अल्वा. अन्द अल्वा एरकनवे कुडुत्तुट्टेन." हा खरा हलवा, तो हलवा आधीच देऊन झालाय.

मैलापूर_मुलुंड

हा हा! हे पायसमच्या वाक्यापेक्षा सरस आहे. यातही "कुडुत्तुट्टेन", देऊन टाकला मी. शेपटी बरोबर.

हलवा पाव किलो पुरे, तमिळमध्ये "काल किलो". गव्हाचा असावा. भिजवलेला गहू वाटून त्याचं दूध काढतात, त्यात साखर आणि तूप आटवतात. रंग तपकिरी, हाताला तूप लागलंच पाहिजे. कॉर्नफ्लोअरचा, रबरासारखा लाल-हिरवा हलवा नेऊन "निजमान अल्वा" म्हणालात तर विनोद उलटेल. डोंबिवलीहून धीम्या लोकलने माटुंग्याला उतरा. तिथे पूर्वेला दाक्षिणात्य मिठाईही मिळेल आणि फुलंही.

फुलं "मल्लि" मागा. आपला मोगराच, पण बांधणी वेगळी. आपला गजरा बऱ्याचदा सुईने ओवलेला असतो, तिकडचा कळ्यांच्या जोड्या गाठीने बांधून केलेला, घट्ट आणि भरगच्च. मोजायचं हाताने, "मोळम"वर: कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, दीड फुटाच्या आसपास. "रेण्डु मोळम" पुरतं. उमललेली घेऊ नका. मिटलेल्या कळ्या घ्या, त्या संध्याकाळी उघडतात. केळीच्या पानात गुंडाळून द्या म्हणावं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम सुटून डोंबिवलीपर्यंत काळ्या पडतात.

शब्दकोडे

फुलं, हलवा, उठाबशा, दूरदर्शन. एवढं सगळं झाल्यावर माफी शिल्लक राहील का?

मैलापूर_मुलुंड

बरोबर टोकलंत. म्हणून क्रम लावून देते. हातात फुलं आणि हलवा, पण सुरुवातीला पुढे करायचे नाहीत. आधी: "नम्म कल्याण नाळ नान मरन्दुट्टेन. नी पायसम सेन्ज, साप्पिट्टुम पुरियल. एन तप्पुदान. मन्निच्चुडु मा." मग गप्प. तिला जे बोलायचं ते बोलू दे, तमिळमध्ये बोलली आणि कळलं नाही तरी मध्ये "काय?" करू नका. त्यानंतर हलवा आणि हलव्याचं वाक्य. पाटी आणि तोप्पुक्करणम पुढच्या वेळेसाठी ठेवा.

आनंदी_आनंद

पुढची वेळ?!

मैलापूर_मुलुंड

आनंदकाका, पहिल्यांदाच मुद्द्याचं बोललात.

"इनिमे मरक्क माट्टेन", यापुढे विसरणार नाही, हे वाक्य मी मुद्दाम दिलं नाही. विसरणाऱ्याने विसरणार नाही म्हणणं कोणी ऐकत नाही. त्याऐवजी फोनच्या कॅलेंडरमध्ये तारीख घाला, दर वर्षी, एक आठवडा आधीची आठवण. मग सांगा "कॅलेंडरल पोट्टुट्टेन", घालून ठेवली. घातल्याशिवाय सांगू नका, ती फोन बघायला मागेल.

डोंबिवलीचा_जावई

पाठ करतोय. उच्चारात काही खड्डे आहेत का?

तिखट_पोडी

दोन आहेत. "मरन्दु"चं "मरुन्दु" होऊ देऊ नका. "मरुन्दु" म्हणजे औषध. घाईत सगळे घसरतात तिथे. "म-रन्-दुट्-टेन" असं तोडून म्हणा आणि "टेन" लांबवा.

दुसरं, "कल्याण नाळ नान मरन्दुट्टेन" मधला "नाळ". तो "दिवसाला" या अर्थाचा आहे म्हणून शेवटी पूर्ण "अ" ऐकू यायला हवा, "नाळऽ". आपण मराठीत शेवटचा "अ" खातो. खाल्लात तरी तिला कळेल, पण म्हटलात तर तालीम केल्याचं कळेल. "ळ" आणि "ण" तुम्हाला फुकट मिळालेत, दिल्लीच्या जावयाला तेच आधी शिकावे लागतात.

खिडकीजवळची_सीट

आणि ती "परवाल्ल" म्हणाली तर संपलं ना? "हरकत नाही" असा अर्थ आहे, एवढं मलाही माहीत आहे.

मैलापूर_मुलुंड

अर्थ तोच, पण तुटक "परवाल्ल" हे तुमच्या "ठीक आहे"चं भाषांतर समजा. "सरि विडु", म्हणजे "बरं, सोड", ही पुढची पायरी. तिथे संपलं असं मी म्हणेन.

तिखट_पोडी

मी नाही म्हणणार. "सरि विडु" हे विषय बंद करायला म्हणतात, राग गेला म्हणून नव्हे. "सरि, साप्पिड वा" आलं, जेवायला ये, की मी चप्पल काढेन.

मैलापूर_मुलुंड

साप्पिड वा तर रागातही म्हणतात हो, उपाशी कोणी ठेवत नाही! तुम्हाला वीस वर्षं चेन्नईत राहून हे कळलं नाही?

शब्दकोडे

एक राहिलं. ती परीक्षा घेणारच, "तेदि सोल्लु". तारीख सांग. ती तमिळमध्ये पाठ आहे का?

डोंबिवलीचा_जावई

जून पदिनाळ?

मैलापूर_मुलुंड

"पदिनालु". साधा "ल", आणि शेवटी "उ". "नालु" म्हणजे चार, "नाळ" म्हणजे दिवस. कल्याण नाळ, जून पदिनालु. गाडीत बसल्यावर दोन्ही एकामागून एक म्हणत जा, मुलुंड येईपर्यंत बसेल.